valve नावाचं फोल्डर

२००४ च्या उन्हाळ्यात सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायबर कॅफे होता. आठ मशिनं, त्यातली दोन कायम बंद, तासाला वीस रुपये, आणि भिंतीवर स्केचपेनने लिहिलेला कागद : ‘आरडाओरडा केल्यास उठवण्यात येईल.’ माझा मावसभाऊ तिथं सुट्टीपुरता गल्ल्यावर बसायचा. पगार असा नव्हता, पण मशीन रिकामं असेल तर फुकट खेळायला मिळायचं. खेळ एकच. काउंटर-स्ट्राइक, दोन टोळ्यांच्या गोळीबाराचा. सीडी कुठून आली हे विचारायची पद्धत नव्हती.

एक दिवस मशिनांच्या डिस्क भरल्या. गाणी, सिनेमे, कुणाकुणाचे लग्नाचे फोटो. कॅफेवाल्या काकांनी मावसभावाला सांगितलं, जरा जागा कर. तो गेमच्या फोल्डरमध्ये शिरला. आत दोन मोठी फोल्डरं दिसली, एक `cstrike` आणि एक `valve`. दुसऱ्यात हाफ-लाइफ नावाचा गेम आहे, एवढं त्याला कळलं. “इथं हाफ-लाइफ कोण खेळतंय?” असं म्हणून त्यानं सहाही मशिनांवरून `valve` उडवून टाकलं आणि रात्री शटर ओढून घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पोरं जमली. आयकॉनवर डबल क्लिक केलं की पडदा क्षणभर काळा व्हायचा, एक छोटी चौकट यायची आणि पुन्हा डेस्कटॉप. सहाही मशिनांवर तेच. काका मावसभावाकडे बघत होते आणि मावसभाऊ माझ्याकडे, कारण कॉम्प्युटर क्लासला जाणारा मी एकटाच. मी आयकॉनवर राइट क्लिक करून बघितलं. तिथं लिहिलं होतं :

```
hl.exe -game cstrike
```

म्हणजे काउंटर-स्ट्राइक नावाचा प्रोग्रॅम त्या मशीनवर नव्हताच. प्रोग्रॅम होता `hl.exe`, म्हणजे हाफ-लाइफ. त्याला फक्त सांगितलं जात होतं की आज `cstrike` या फोल्डरातलं सामान लाव. आम्ही दोन वर्षं जो खेळ स्वतंत्र समजून खेळत होतो तो दुसऱ्याच्या घरात भाड्यानं राहत होता, आणि मावसभावानं मालकाचंच सामान बाहेर फेकलं होतं.

पुढं नोकरीनिमित्त कोड वाचायची सवय लागली तेव्हा ही व्यवस्था मी नीट समजून घेतली. हाफ-लाइफ नोव्हेंबर १९९८ मध्ये आला. त्याचं इंजिन मुळात ‘क्वेक’ या आधीच्या खेळाचं, आयडी सॉफ्टवेअरकडून परवान्यानं घेऊन व्हॉल्व्ह कंपनीनं वाढवलेलं. चित्र काढणं, आवाज वाजवणं, नेटवर्कवरून निरोप पाठवणं ही कामं इंजिनची. खेळाचे नियम मात्र इंजिनात नव्हते, वेगळ्या डीएलएल फाइलीत होते. आणि त्या फाइलीचा सोर्स कोड व्हॉल्व्हनं १९९९ मध्ये लोकांना देऊन टाकला. `cstrike` फोल्डरात `liblist.gam` नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडली तर अशा ओळी दिसतात :

```
game "Counter-Strike"
type "multiplayer_only"
gamedll "dlls\mp.dll"
```

शेवटची ओळ महत्त्वाची. ‘नियम विचारायचे तर या `mp.dll` ला विचार,’ असं ती इंजिनला सांगते. बाकी सामानासाठी, म्हणजे नकाशे, बंदुकांचे मॉडेल, आवाज, भिंतींचे पोत यांच्यासाठी इंजिन आधी `cstrike` मध्ये हात घालतं. तिथं सापडलं नाही तर मुकाट्यानं `valve` मध्ये बघतं. या दुसऱ्या फेरीमुळेच मोड, म्हणजे दुसऱ्याच्या खेळात बदल करून केलेला आपला खेळ, बनवणं सोपं होतं. तुम्हाला फक्त एका बंदुकीचा आवाज बदलायचा असेल तर तेवढी एक फाइल आपल्या फोल्डरात ठेवायची, उरलेलं सगळं मालकाचं चालतं. उलट अगदी सगळं बदलायचं ठरवलं तर इंजिनला `valve` मध्ये डोकवायची वेळच यायला नको. एका टोकाला साधा मोड, दुसऱ्या टोकाला टोटल कन्व्हर्जन. मध्ये कुठंही रेघ मारलेली नाही.

काउंटर-स्ट्राइक या दोन टोकांमध्ये कुठं बसतो? सहसा त्याला टोटल कन्व्हर्जन म्हणतात आणि ते बरोबरच आहे. परग्रहावरचे प्राणी, ती जाड नारिंगी पोशाखाची भानगड, काही म्हणजे काही उरलेलं नाही. तरी सुरुवातीच्या काही नकाशांच्या भिंती हाफ-लाइफच्या `halflife.wad` मधल्याच होत्या. आणि उड्या मारत मारत वेग वाढवायची जी युक्ती आमच्या कॅफेत एकाच पोराला यायची, ती तर हाफ-लाइफचीही नाही, क्वेकपासून वारशानं आलेली. घर पूर्ण रिकामं करून आपलं सामान लावलं तरी जिन्याची तिसरी पायरी करकरते ती करकरतेच.

‘टोटल कन्व्हर्जन’ हा शब्द ऐकला की वाटतं, जेवढं जास्त बदललं तेवढा तो खेळ स्वतंत्र व्हायच्या जवळ गेला. मीही बरीच वर्षं हेच धरून चाललो होतो. पण जुनी उदाहरणं काढून बघितली तर हिशेब लागत नाही.

एक जुनं गाजलेलं उदाहरण ‘डूम’वरचं. डूम डिसेंबर १९९३ चा. त्याचा प्रोग्रॅमर जॉन कार्मॅकनं सगळं सामान, म्हणजे नकाशे, चित्रं, आवाज, प्रोग्रॅमपासून वेगळं काढून WAD नावाच्या फाइलीत ठेवलं. त्यामुळे मूळ फाइलीला हात न लावता आपली वेगळी फाइल सुरू करताना जोडता यायची. दुसऱ्याच वर्षी जस्टिन फिशरनं ‘एलियन्स’ सिनेमावरून ‘एलियन्स टीसी’ काढला. नावातलं टीसी म्हणजेच टोटल कन्व्हर्जन. सिनेमातले प्राणी, सिनेमातले आवाज, आणि पहिल्या नकाशात बराच वेळ एकही शत्रू नाही, नुसते रिकामे बोळ. मी तो खूप नंतर खेळलो, तरी दार उघडताना हात आखडायचा.

पण डूमचे नियम WAD मध्ये नव्हते, प्रोग्रॅमच्या पोटात होते. ते बदलायला प्रोग्रॅमच्या फाइलीतले आकडे इकडेतिकडे करणारं एक हत्यार लोकांनी बनवलं होतं. त्यानं एखाद्या राक्षसाचा वेग वाढवता यायचा, ताकद कमी करता यायची, पण नवा राक्षस जन्माला घालता यायचा नाही. म्हणजे ‘एलियन्स टीसी’त डोळ्यांना आणि कानांना सगळं नवं, आणि त्या कातड्याखाली डूमचेच राक्षस. सामान शंभर टक्के बदललेलं, नियम जवळपास तेच.

आणि बदललेलं सामान तरी फिशरचं कुठं होतं? ते सिनेमावाल्यांचं. तो खेळ विकता येणं शक्यच नव्हतं. डूमवर ते फुकटात खपून गेलं. पुढं क्वेकवर त्याच सिनेमावरून ‘एलियन क्वेक’ बनत होता, तो १९९७ मध्ये सिनेमाच्या मालक कंपनीनं, फॉक्सनं, बंद पाडला. मोडवाल्यांच्या बोलीत ‘फॉक्स झाला’ असं क्रियापदच त्यावरून तयार झालं. एखाद्याचा प्रकल्प वकिलाच्या पत्रानं संपला की तो फॉक्स झाला. मराठीतही चपखल बसतं.

याच सुमारास अमेरिकेत एक खटला चालला, तो मला या सगळ्या विषयातला सगळ्यात मजेशीर कागद वाटतो. ‘ड्यूक न्यूकम थ्रीडी’ या खेळाबरोबर नकाशे बनवायचं साधन मिळायचं. लोकांनी नकाशे बनवून इंटरनेटवर टाकले. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीनं त्यातले तीनशे उतरवून घेतले आणि एका सीडीवर घालून विकायला काढले. ड्यूकवाले कोर्टात गेले. मायक्रो स्टारचं म्हणणं असं की या नकाशाच्या फाइलीत तुमचं एकही चित्र नाही. खरंच नव्हतं. फाइलीत फक्त ‘इथं भिंत, इथं अमुक क्रमांकाचं चित्र, इथं शत्रू’ अशा सूचना, चित्रं सगळी मूळ खेळातून यायची. तरी १९९८ मध्ये अपील कोर्टानं ड्यूकच्या बाजूनं निकाल दिला. या सूचना चालवल्या की पडद्यावर ड्यूकचीच पुढची गोष्ट उभी राहते, आणि पुढचा भाग काढायचा हक्क मूळ मालकाचा.

म्हणजे मोडमध्ये मालकाचं एकही चित्र नसलं तरी तो सुटा होत नाही. मालकाच्या खेळावाचून ज्याला अर्थच उरत नाही, ती वस्तू मालकाची परवानगी नसताना विकता येत नाही. मग काउंटर-स्ट्राइक कसा सुटला?

त्यासाठी तो बनवणाऱ्यांकडे बघावं लागतं. मिन ली हा कॅनडातला विद्यार्थी, जाळ्यावरचं नाव गूसमन. त्यानं आधी क्वेकवर ‘नेव्ही सील्स’ नावाचा मोड केला होता, मग ‘ॲक्शन क्वेक २’मध्ये हात घातला होता. दोन्हीकडे त्याचा रस खऱ्या बंदुकांत. जेस क्लिफ त्याच्यासोबत आला, वेबसाइट आणि लोकांशी बोलणं त्याच्याकडे. पहिला बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, जून १९९९ मध्ये निघाला. त्यात बॉम्ब नव्हताच, फक्त ओलीस सोडवायचे. बॉम्ब आला चौथ्या बीटात, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात. त्याच सुमाराला शाळकरी वयाच्या डेव्ह जॉन्स्टननं ‘डस्ट’ नावाचा पिवळट नकाशा बनवून पाठवला. त्याचा दुसरा अवतार जगातल्या प्रत्येक कॅफेत खेळला गेला. आमच्या कॅफेत तर वेगळा नकाशा लावला की काका विचारायचे, “आज काय बिघडलंय?”

मिन लीच्या हाताची खूण त्या खेळात शेवटपर्यंत राहिली. मूळ मॉडेलांत बंदूक डाव्या हातात धरलेली होती. उजव्या हातात दिसावी म्हणून `cl_righthand 1` अशी सेटिंग आली, आणि ती काय करते? चित्र आरशात उलटं करते. त्यामुळे बंदूक उजवीकडे आली, पण तिचा बोल्ट डाव्या बाजूला गेला आणि रिकामी काडतुसं डावीकडून, म्हणजे नेमक्या आपल्या तोंडासमोरून उडायला लागली. कोट्यवधी लोकांनी वर्षानुवर्षं असल्या उलट्या बंदुका चालवल्या.

पण बंदुका बाजूला ठेवा. हाफ-लाइफमध्ये चारपाच जणांनी एकमेकांशी खेळताना मेलं की लगेच पुन्हा जन्म मिळायचा. काउंटर-स्ट्राइकमध्ये मेलं की डाव संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. आणि दर डावाच्या सुरुवातीला पैसे. पहिल्या डावाला हातात ८०० डॉलर, एके घ्यायची तर २५००, त्या हिरव्या लांब स्नायपरला ४७५०. हरलात तर कमी मिळणार, बंदूक घेऊन जिवंत राहिलात तर पुढच्या डावाला ती तुमचीच. यामुळे मरण महाग झालं. पैसे नसलेल्या डावात सगळ्यांनी पिस्तुलावर भागवून पुढच्यासाठी साठवायचं की नाही, यावर कॅफेत जी भांडणं व्हायची ती पिकाला पाणी कुठल्या पाळीला द्यायचं यावरच्या भांडणांसारखी. हे सगळं त्या `mp.dll` मध्ये आहे. त्यातलं काहीही हाफ-लाइफच्या गोष्टीवर, पात्रांवर, जगावर अवलंबून नाही. इंजिन बदला, चित्रं बदला, हा हिशेब तसाच चालतो.

म्हणजे इथं सामान बदललं हे खरं, पण बाजारात किंमत आली ती नियमांना. मायक्रो स्टारनं विकलेल्या नकाशांत नेमकं हेच नव्हतं. तिथं नियम ड्यूकचे, जग ड्यूकचं, नवी फक्त खोल्यांची मांडणी.

दुसरी गोष्ट परवानगीची, आणि ती इथं अडलीच नाही, कारण मालकच गिऱ्हाईक झाला. लोक निव्वळ काउंटर-स्ट्राइकसाठी हाफ-लाइफ विकत घेत होते, हे व्हॉल्व्हला दिसत होतं. आधी त्यांनी मदत दिली, मग २००० मध्ये हक्क विकत घेतले, ली आणि क्लिफ यांना कामावर घेतलं, आणि नोव्हेंबरात खोक्यातला काउंटर-स्ट्राइक दुकानात आला. गंमत अशी की हाफ-लाइफ असलेल्यांना तोच खेळ फुकट उतरवून घेता येतच होता. मग खोक्यात काय विकत मिळायचं? ‘आधी दुसरा गेम घे’ ही अट नाहीशी व्हायची. बस्स. खेळणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर स्वतंत्र होणं म्हणजे एवढंच.

विकायची वेळ आली की आणखी एक गोष्ट होते : नावं बदलतात. कॅफेत आम्ही सगळे “एके घे, एके घे” असं ओरडायचो, पण खरेदीच्या यादीत एके-४७ हे नाव नव्हतंच. तिथं CV-47 लिहिलेलं असायचं. बाकीच्या बंदुकांचीही अशीच बनावट नावं. मला वाटायचं आमची सीडी चोरीची म्हणून नावं चुकली असतील. तसं नव्हतं. फुकटच्या मोडमध्ये दुसऱ्याचं नाव वापरलं तर सहसा कुणी मागं लागत नाही, खोक्यावर किंमत छापली की ते नाव गळ्यात येतं.

नावांची ही गोष्ट डोटा नावाच्या खेळात फार स्पष्ट दिसते, म्हणून ती सांगतो. डोटा हा तर टोटल कन्व्हर्जन सोडाच, रूढ अर्थानं मोडही नव्हता. तो ‘वॉरक्राफ्ट ३’ या खेळाच्या नकाशे बनवायच्या साधनात बनवलेला एक नकाशा, एकच फाइल. बॅटल-नेटवर, म्हणजे तो खेळ ऑनलाइन खेळायच्या जागी, नकाशाला ४ एमबीची मर्यादा होती, २००९ मध्ये ती वाढेपर्यंत. ४ एमबीत शंभरच्या आसपास नायक बसवायचे तर स्वतःची मॉडेलं कुठून आणणार? म्हणून जवळजवळ प्रत्येक नायक म्हणजे वॉरक्राफ्टचंच एखादं पात्र, रंग बदलून, लहानमोठं करून. यूल नावाच्या माणसानं सुरुवात केली, गिन्सूनं पुढं नेलं, मग आइसफ्रॉगनं वर्षानुवर्षं एकेक आकडा घासून बसवला. म्हणजे सामान सगळं वॉरक्राफ्टवाल्या ब्लिझर्ड कंपनीचं आणि नियम सगळे परक्यांचे. ‘एलियन्स टीसी’च्या बरोब्बर उलट.

आणि तरी यातूनच दोन अवाढव्य खेळ निघाले. गिन्सू रायट कंपनीत गेला, २००९ मध्ये ‘लीग ऑफ लेजेंड्स’ आला. आइसफ्रॉगला त्याच वर्षी व्हॉल्व्हनं घेतलं, २०१३ मध्ये ‘डोटा २’ आला. कुठल्याही कायद्यानं हे अडलं नाही, कारण कॉपीराइट चित्राला, गोष्टीला, पात्राला मिळतो. तीन वाटा, पाच-पाच जण, मधे नदी, पलीकडची मुख्य इमारत पाडायची, या नियमाला तो मिळत नाही. नियम डोक्यात घेऊन दाराबाहेर पडता येतं, सामान मागं ठेवावं लागतं.

मागं राहिलेलं सामान ‘डोटा २’मध्ये शोधून बघा. डोटातली विंडरनर तिथं विंडरेंजर झाली, कारण विंडरनर हे वॉरक्राफ्टमधलं घराणं. फ्युरियनचं नाव गेलं, नेचर्स प्रॉफेट एवढं पद उरलं. नेक्रोलाइटचा नेक्रोफॉस झाला. स्केलेटन किंग मात्र सांगाडा म्हणूनच आला, आणि २०१३ च्या अखेरीस तो हाडांचा राजा ‘मेला’ आणि हिरवं भूत होऊन रेथ किंग या नावानं परतला, अशी गोष्टच रचली गेली. माझ्या ओळखीचे जुने खेळाडू अजून त्याला सांगाड्याच्याच नावानं हाक मारतात, आत्याचं लग्नानंतर बदललेलं नाव माहेरी कुणी घेत नाही तसं.

‘DOTA’ या चार अक्षरांवरूनही भांडण झालंच. व्हॉल्व्हनं नावाची नोंदणी मागितली, ब्लिझर्डनं हरकत घेतली, मे २०१२ मध्ये तडजोड झाली. विकायच्या खेळाला हे नाव व्हॉल्व्ह लावणार, ब्लिझर्डच्या खेळांतले हौशी नकाशे ते फुकटात वापरत राहणार. ब्लिझर्डनं स्वतःच्या तयार होत असलेल्या खेळाचं नाव बदललं. २०२० मध्ये वॉरक्राफ्ट ३ ची नवी आवृत्ती निघाली तेव्हा अटींत लिहिलेलं होतं की यात तुम्ही जो काही खेळ बनवाल तो ब्लिझर्डच्या मालकीचा. ते वाचून मला पुण्यातल्या घरमालकांचे करार आठवले. एका भाडेकरूनं माळ्यावर पोटमाळा काढला की पुढच्या प्रत्येक करारात ‘पोटमाळा काढल्यास तो मालकाचा’ हे कलम येतं. अर्थात अशा अटीनं पुढचा डोटा ब्लिझर्डला मिळेल असं मला वाटत नाही. हे कलम वाचून शहाणा माणूस दुसरीकडे जाऊन बांधकाम करेल.

बहुतेक टोटल कन्व्हर्जन मात्र कुठंच गेली नाहीत, आणि त्यातल्या पुष्कळांना वकिलाचं पत्रही आलं नाही. दहा-पंधरा जण वेगवेगळ्या देशांतून फुकट काम करतात, कुणी आवाज देतो, कुणी मॉडेल, तिसराच कुणी दोन नकाशे देऊन परीक्षेला निघून जातो. विकायचं ठरलं की प्रत्येकाची सही लागते, आणि त्या परीक्षेला गेलेल्याचा ईमेल बंद झालेला असतो. आणि कित्येकदा खरं दुखणं याहून साधं असतं : सामान सगळं नवं, मेहनत डोळ्यांत पाणी आणणारी, पण खेळायला बसलं की हाताला तोच जुना खेळ लागतो.

आमच्या कॅफेचं काय झालं, ते राहिलं. मावसभाऊ सायकलवर विश्रामबागेत गेला आणि दुसऱ्या कॅफेतून सीडीवर `valve` फोल्डर भरून आणलं. दुपारी दोनपर्यंत सहाही मशिनं सुरू झाली. तेवढ्या तासांचे पैसे काकांनी त्याच्या फुकट खेळण्यातून कापले.

मध्यंतरी स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानात काउंटर-स्ट्राइकची ती जुनी आवृत्ती सेलमध्ये दिसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ती पैसे देऊन घेतली. खेळायच्या आधी सवयीनं फोल्डर उघडलं. त्याचं नाव `Half-Life`. आत `cstrike`, शेजारी `valve`, आणि वर `hl.exe`. फोटो काढून मावसभावाला पाठवला. आता तो बँकेत आहे. त्याचं उत्तर आलं, “हात लावू नकोस.”